अडीच सुताची यात्रा

तुटलेल्या बोल्टाची ओळख घरातच पटवून निघावे लागते. काउंटरवर तुकडा ठेवून ‘असाच द्या’ म्हणणाऱ्याला ‘असाच दिसणारा’ मिळतो, आणि दिसण्यावर गेले की काय होते हे लग्न जमवणाऱ्यांना ठाऊक असते.

उदाहरणासाठी डोंबिवलीतला एक जुना लोखंडी पलंग घ्यावा. पायाचा बोल्ट मध्यरात्री तुटतो, पलंग एका कोपऱ्यावर बसतो आणि काका जमिनीवर. सकाळी पहिली पाहणी नटाची करावी. नट सुटा असेल तर यात्रेची गरजच नाही. नाक्यावरून नवा बोल्ट आणि नवा नट अशी जोडी आणावी, भोकातून बोल्ट गेला म्हणजे झाले. या पलंगाचा नट मात्र पायाला वेल्ड केलेला आहे. तो बदलत नाही, म्हणून बोल्टानेच त्याच्याशी जुळवून घ्यायचे.

नाक्यावरचा दुकानदार तुकड्याकडे एक नजर टाकून आठ मिलीचा बोल्ट देतो. तो नटात दोनेक फेरे आनंदाने फिरतो आणि मग अडतो. इथे घरातला सर्वांत बलवान माणूस पाना घेऊन पुढे सरसावतो; त्याला आवरावे. हाताने सुरुवातीला सहज फिरून मग घट्ट होणारा बोल्ट बहुधा दुसऱ्या आट्यांचा असतो. जोर केला तर वेल्ड केलेल्या नटाचेच आटे जातात आणि बोल्टाचे दुखणे पलंगाला लागते.

दोष दुकानदाराच्या नजरेचा नाही. आठ मिलीच्या जवळच अडीच सुताचा बोल्ट असतो. एका इंचाची आठ सुते, म्हणजे अडीच सूत ५/१६ इंच, अर्थात ७.९४ मिलिमीटर. झिजलेला आठ मिलीचा बोल्टही व्हर्निअरवर तेवढाच भरतो, म्हणून जाडी निकाल देत नाही. निकाल आटे देतात. आठ मिलीच्या नेहमीच्या बोल्टावर दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर असते. अडीच सुतावर इंचाला १८ आटे, म्हणजे अंतर सुमारे १.४१. इंचांचे हे आटे इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१मध्ये मांडलेल्या प्रमाणातून आले. पुढे आपल्या देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली. पलंगाला ते कोणी कळवले नाही.

मोजण्यासाठी तुकडा रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासावा. तुटल्या टोकापाशी बोल्ट ताणला जाऊन आटे विरळ झालेले असतात, त्यामुळे तिथे मोजू नये. दुसऱ्या टोकाकडे पट्टी लावून दहा मिलिमीटरांत आटे मोजावेत: आठ आले तर आठ मिली, सात आले तर अडीच सूत. काकांच्या बोल्टावर सात येतात. लांबी दोन्ही तुकडे जोडून, डोक्याच्या खालून मोजतात. लाकडात बुडणाऱ्या चपट्या डोक्याचा स्क्रू मात्र डोक्यासकट मोजायचा असतो. आखूड स्क्रू घरी येण्याचे हे एक जुने कारण आहे.

आता प्रवास. मुंबईत नट-बोल्टांचा मोठा बाजार नागदेवी स्ट्रीटला, मशीद स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ. जलद लोकल मशीदला थांबत नाही, हे जलद लोकलमध्ये बसल्यावर आठवते. रविवारी तर जाऊच नये. तुकडा कागदात गुंडाळून पँटच्या खिशात ठेवावा. शर्टाच्या खिशातला गर्दीत वाकताना उडी मारतो.

गल्लीत हातगाडीला वाट देत देत दुकानांच्या पाट्या वाचाव्या लागतात. कोणाकडे स्टेनलेस स्टीलच, कोणाकडे ॲलनच, कोणाकडे पितळच. चुकीच्या दुकानात शिरणे वाया जात नाही, कारण योग्य दुकान कोणते हे तिथेच कळते. बरोबर दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘मिली में या सूत में?’ आटे मोजून आलेले गिऱ्हाईक ताठ मानेने ‘अडीच सूत, दोन इंच’ म्हणते. दुसरा प्रश्न असतो, ‘कितना किलो?’ इथे मान खाली जाते. घाऊक व्यापारी बोल्ट वजनावर किंवा डब्याने विकतो. एका बोल्टासाठी गल्लीतलाच सुटा माल देणारा छोटा दुकानदार शोधावा.

त्याच्याकडे अडीच सुताचा नवा नट मागून जुन्या तुकड्याच्या चांगल्या टोकावर हाताने चढवावा. तो न अडता पुढे जात राहिला तर माप पक्के. मग तोच नट नव्या बोल्टावर शेवटपर्यंत फिरवावा आणि बोल्ट वॉशरसह चार घ्यावेत. पलंगाचे उरलेले तीन पाय त्याच वयाचे आहेत, आणि काकांचे वजन चौघांवर सारखेच पडते.