सात पत्ते आणि एक सून

टॅरोचे जे जुने फ्रेंच कॅट आहेत, मार्सेय पद्धतीचे, त्यांत सहाव्या पत्त्यावर एक कोवळा तरुण उभा असतो. दोन्ही बाजूंना दोन बायका आणि डोक्यावर बाण रोखलेला मदन. एक बाई तरुण. दुसरी जरा पोक्त, तिचा हात मुलाच्या खांद्यावर. ती पोक्त बाई कोण, यावर जाणकारांत वाद आहेत. कुणी तिला सद्गुण म्हणतं, कुणी मुलाची आई. मी ताईची धाकटी बहीण असल्यामुळे माझ्या मनात काही शंका नाही. पुढे १९०९ साली लंडनमध्ये आर्थर वेट यांनी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीकडून नवा कॅट काढून घेतला. त्यात या पत्त्यावर एक पुरुष, एक स्त्री आणि वर देवदूत, एवढेच उरले. आईला काढून टाकलं! हे फक्त कागदावर जमतं.

ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, ज्या मुलीशी लग्न करायचं म्हणतो ती त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे आणि कोथरूडला कुत्र्यांचं सलून चालवते. ताईला यातलं वय जास्त खुपतं की कुत्री, हे तिलाही सांगता येत नाही. पत्रिका मागितली तर भाच्याने सांगितलं की तिच्याकडे जन्मवेळच नाही. घरात बोलणं बंद झालं, निरोप फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून जाऊ लागले. निवृत्तीनंतर मी टॅरो शिकले, त्याला आमचे भाऊजी ‘पत्ते पिसणं’ म्हणतात. त्यांनीच एके दिवशी फोन केला, “ये बाई, काय पिसायचं ते पीस.”

अशा भांडणासाठी मी सात पत्त्यांची मांडणी करते. आईसमोर तीन, मुलासमोर तीन, एक मध्ये. पहिला पत्ता, मला भीती कसली वाटते. दुसरा, मी काय बोलत नाहीये. तिसरा, मी काय सोडू शकते. मधला, आपल्या दोघांत नेमकं काय चाललंय. ‘बरोबर कोण’ याला मुद्दामच जागा ठेवलेली नाही. आणि ‘हे लग्न टिकेल का’ हा प्रश्न घ्यायचा नाही, कारण त्याला पत्ता काहीही आला तरी आई एक अर्थ लावते आणि मुलगा दुसरा. पत्ते भविष्य सांगत नाहीत. माणसं चित्राकडे बघत स्वतःबद्दल बोलतात, माझा धंदा तेवढाच. तोही फुकट.

नियम तीन. आपला पत्ता आपणच वाचायचा, तोही आधी नुसतं चित्रात काय दिसतं ते सांगून. नको असलेला पत्ता आला म्हणून दुसरा ओढायचा नाही. जो माणूस खोलीत नाही, त्याच्यावर पत्ता काढायचा नाही. तिसरा नियम ऐकून ताईचा चेहरा पडला. ती त्यासाठीच बसली होती.

ताईचा भीतीचा पत्ता निघाला फोर ऑफ पेंटॅकल्स. एक माणूस, डोक्यावर मोहोर, छातीशी दुसरी गच्च धरलेली, दोन पायांखाली दाबलेल्या. “बँकेच्या लॉकरमधून आलेला दिसतोय,” ताई म्हणाली. मग जरा वेळाने, “उठायचं कसं याने? उठला तर सगळं घरंगळेल.” मी गप्प. अशा वेळी वाचणाऱ्याने गप्प बसायचं असतं, हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत आणि माझ्यासारखीला फार जड जातं.

भाच्याला आला फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स. बर्फात चाललेली दोन फाटकी माणसं, एकाला कुबड्या, मागे उजळलेली रंगीत खिडकी. तो म्हणाला, “खिडकी आपल्या घराची आहे. आम्ही दोघं बाहेर.” यावर ताई लगेच, “मी कधी म्हटलं घराबाहेर काढीन?” ही धोक्याची खूण. एकाच्या पत्त्यावर दुसरा बोलू लागला की मांडणी बिघडली म्हणून समजावं, पुढचं सगळं मग नेहमीचंच भांडण, फक्त चित्रांसकट. मी ताईला चहा टाकायला पाठवलं.

दुसऱ्या ओळीत ताईसमोर सिक्स ऑफ कप्स. जुन्या वाड्याचं अंगण, एक मुलगा फुलांनी भरलेला पेला छोट्या मुलीला देतोय. ताई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “हा शाळेतून आल्यावर आधी मला सगळं सांगायचा. या मुलीचं मला शेजारच्या वहिनींकडून कळलं.” वय आणि कुत्री यांचा उल्लेख नाही. मला हे ठाऊक होतं असं म्हणणार नाही, पण पहिला राग बहुतेक वेळा ‘कोण’चा नसतो, ‘मला शेवटी सांगितलं’चा असतो.

भाच्याने स्वतःचा दुसरा पत्ता उलटला आणि त्याचा रंग उडाला. सेव्हन ऑफ स्वोर्ड्स. छावणीतून पाच तलवारी कवटाळून चवड्यांवर पळणारा माणूस, मागे वळून बघतोय. न बोललेली गोष्ट काय, हे त्या चित्रापुढे लपवणं अवघड. “आई, आम्ही विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिलीय.”

पुढच्या दहा मिनिटांत कुणीही नियम पाळला नाही. ताईला एवढंच समजलं, की १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस कार्यालयात लागते आणि तीस दिवसांत कुणालाही हरकत घेता येते. “मग मी घेते!” भाऊजी वर्तमानपत्रामागून बोलले, “हरकत वय कमी असलं, आधीचं लग्न अजून कायम असलं किंवा जवळचं नातं असलं, अशा कारणांना चालते. बायको मोठी आहे, हे कारण त्यात नाही.” हे त्यांना इतकं पाठ कसं, याचा उलगडा नंतर झाला. भाच्याने त्यांना आधीच सांगितलं होतं. पाच तलवारींतल्या दोन त्यांच्याच काखेत.

मधला पत्ता त्या गदारोळात मीच उलटला. फाइव्ह ऑफ वाँड्स. पाच पोरं काठ्या उगारून उभी. ताई रागातच म्हणाली, “हा तर दांडिया.” बघा म्हटलं, लागलंय का कुणाला? नीट बघितलं तर एकही काठी कुणाच्या अंगावर पडलेली नाही. पाचजण मोजून तिने विचारलं, पाचवा कोण? शेजारच्या वहिनी, असं आमचं एकमताने ठरलं. त्या दिवशीचं पहिलं एकमत.

सोडण्याच्या ओळीत भाच्याला नाइट ऑफ स्वोर्ड्स आला, वाऱ्यासारखा घोडा फेकणारा स्वार. “घाई,” तो म्हणाला. नोटीस तीन महिने चालते. तिसाव्या दिवसानंतर लगेच सही करायचा बेत होता, तो पुढे ढकलायला तयार झाला. ताईला आला हायरोफंट. सिंहासनावर धर्मगुरू, पुढे दोघे गुडघ्यांवर. हा तिने काय सोडायचं त्याचा पत्ता. पण ताईचा चेहरा उजळला. “म्हणजे गुरुजी हवेत! रजिस्टर झालं तरी घरी विधी करायचे.” मी तिला जागेचा अर्थ पुन्हा सांगितला, तिने ऐकला नाही. सोडायचं काय ते तिने अजून सांगितलेलं नाही. जन्मवेळेचा विषय मात्र त्यानंतर निघाला नाही. मुलगी रविवारी जेवायला येणार असं ठरलं.

शनिवारी रात्री ताईचा फोन. “अगं, एकच पत्ता काढ ना तिच्यावर.”

“ताई, ती खोलीत नाहीये.”

“बरं, मग तिच्या दुकानावर काढ. भाडं परवडतं का तिला?”

“दुकानही खोलीत नाहीये.”

ताई क्षणभर थांबली. “मग मेथीची भाजी करू की भरली वांगी, एवढं तरी तुझे पत्ते सांगतील की नाही?”