बंद घराने प्यायलेले चाळीस युनिट

प्रति,
मा. पाणीपट्टी अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग, महानगरपालिका

महोदय,

आपल्या विभागाचे जुलै-ऑगस्टचे बिल मिळाले. पाणीपट्टीचे बिल हे एकेकटे वाचायचे नसून ओळीने लावून वाचायचे साहित्य आहे, असे माझे मत होत चालले आहे. एका बिलात फक्त रक्कम असते. चार बिले शेजारी ठेवली की कथानक दिसू लागते. जानेवारी-फेब्रुवारीच्या बिलात मागील वाचन 1412, चालू वाचन 1448 आणि वापर 36 युनिट असा सरळसोट हिशेब आहे. मार्च-एप्रिलच्या बिलात मागील वाचन 1448, चालू वाचनही 1448, शेरा ‘घर बंद’ आणि वापर मात्र 40 युनिट. मे-जूनला हाच प्रयोग पुन्हा झाला: तेच 1448, तोच शेरा, तेच 40. आणि आता जुलै-ऑगस्टला मागील वाचन 1448, चालू वाचन 1559, वापर 111. एक युनिट म्हणजे हजार लिटर. म्हणजे आमचे घर चार महिने कुलूपबंद राहून 80 हजार लिटर पाणी प्यायले आणि कुलूप उघडताच दोन महिन्यांत आणखी 1 लाख 11 हजार लिटर प्यायले, असे आपले म्हणणे दिसते.

सरासरीने बिल लावण्याला माझा आक्षेप नाही. मीटर वाचता आला नाही तर कार्यालयाने काही अंदाज धरलाच पाहिजे. (मीटर फाटकाच्या बाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात आहे आणि तो वाचायला घर उघडे असावे लागत नाही, हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवतो.) पण अंदाज हा तात्पुरता असतो, खरे वाचन आले की तो मागे घ्यायचा असतो. 1559 वजा 1448 ही 111 युनिटे जुलै-ऑगस्टची नाहीत, मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंतची आहेत, कारण 1448 हे वाचन फेब्रुवारीअखेरचे आहे. त्यांतल्या 80 युनिटांचे पैसे आपण आधीच घेतले आहेत. मीटरवरून गेले 111 आणि बिलांवरून गेले 191. मधली 80 युनिटे नळातून आली नाहीत, संगणकातून आली.

‘उन्हाळा होता, पाहुणे आले असतील, टाकी वाहिली असेल’ हे उत्तर खिडकीवर तयार असते, म्हणून त्याचाही विचार करतो. 111 युनिटे जुलै-ऑगस्टच्या 62 दिवसांत खपली असे धरले, तर रोज सुमारे 1,790 लिटर होतात. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर येते. तासात 1,790 लिटर यायला वीस लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरली पाहिजे. आपल्या दाबाने ती भरायला पुरे मिनिट लागते. म्हणजे तोटी तासभर सताड उघडी ठेवली तरी 1,200 लिटरच्या वर जाता येत नाही. आपल्या विभागाने आम्हाला इतके पाणी दिले असे बिलात छापणे ही खरे तर स्वतःची जाहिरात आहे. उलट तीच 111 युनिटे सहा महिन्यांच्या 184 दिवसांत वाटली, तर रोज सुमारे 600 लिटर पडतात. घरात पाच माणसे. माणशी 120 लिटर. शहरी पुरवठ्यासाठी सरकारी नियमपुस्तिकेत माणशी 135 लिटरांचे प्रमाण सांगितलेले आहे, त्याच्याही हे आतच आहे. दोन महिन्यांना 37 युनिटे पडतात, आधीच्या बिलातल्या 36 च्या अगदी शेजारी. गळती म्हणाल, तर ती इतकी सभ्य नसते की आधीच्या वापराशी मेळ घालून थांबेल. शिवाय घरातल्या सगळ्या तोट्या बंद केल्या की मीटरच्या काचेखालची छोटी चांदणी निश्चल उभी राहते. मीटरनंतरच्या पाइपात गळती असती तर ती फिरत राहिली असती.

मीटरच नादुरुस्त होता, असेही आपण म्हणू शकाल. मग 1559 हा आकडा तरी कुठला खरा? मीटर बिघडलेला असेल तर 111 युनिटे सिद्ध होत नाहीत, आणि चांगला असेल तर 191 सिद्ध होत नाहीत. दोन्हींपैकी कोणती बाजू घ्यायची ते आपण ठरवा. मी मीटरच्या बाजूने आहे.

आता मुख्य मुद्दा, कारण आपण दुरुस्ती कराल तेव्हा नेमकी इथेच चूक व्हायची शक्यता आहे. बिलावर छापलेल्या दराप्रमाणे दोन महिन्यांतल्या पहिल्या 40 युनिटांना 8 रुपये आणि त्यापुढे 16 रुपये लागतात. 111 युनिटे एकाच बिलात कोंबल्यामुळे 71 युनिटांना दुप्पट दर लागला आणि बिल 1,456 रुपयांचे झाले. तक्रार घेऊन गेलेल्यांना बहुधा सांगितले जाते की सरासरीचे पैसे वळते करून देऊ. म्हणजे आधी भरलेले 640 रुपये वजा, बाकी 816 भरा. ऐकायला न्याय्य वाटते, पण पैसे वजा केल्याने टप्पा खाली येत नाही. 111 युनिटे तीन बिलांत 37-37-37 अशी वाटली की प्रत्येक बिल 296 रुपयांचे होते, एकूण 888. त्यातून 640 गेले की उरतात 248. तेव्हा 816 आणि 248 यांच्यातले 568 रुपये पाण्याचे नाहीत. वेळेवर मीटर न वाचल्याचे आहेत, आणि तो दंड वाचणाऱ्याऐवजी पिणाऱ्याला लागला आहे. म्हणून वजाबाकी रुपयांची नको, युनिटांची हवी, आणि तीही त्या-त्या कालावधीत.

वापर समान होता कशावरून, असा प्रश्न आपण विचारलात तर तो रास्त आहे. मे-जूनला 44 युनिटे खपली असतील आणि उरलेल्या दोन बिलांत त्या मानाने कमी. तसे असेल तर वरच्या टप्प्यातल्या 4 युनिटांचे 32 रुपये जास्त होतात. ते द्यायला माझी ना नाही. पण कोणत्या महिन्यात किती, हे सांगणारा पुरावा गोळा करणे आपले काम होते, आणि तो नसल्याचा फायदा आपल्यालाच मिळावा हे काही पटत नाही.

तरी मार्चपासूनची तिन्ही बिले युनिटांवरून पुन्हा आकारावीत, वादातल्या रकमेवर विलंब आकार लावू नये, आणि पुढच्या बिलात मागील वाचन 1559 च ठेवावे; दुरुस्तीच्या भरात ते पुन्हा 1448 होऊ नये. 248 रुपये मी हरकत नोंदवून भरत आहे. चारही बिलांच्या प्रती आणि मीटरचे तारखेसह छायाचित्र सोबत जोडले आहे. मार्च ते जूनच्या मीटरवाचन नोंदवहीची प्रत माहितीच्या अधिकारात स्वतंत्र अर्जाने मागितली आहे. ‘घर बंद’ हा शेरा कोणत्या तारखेला आणि किती वाजता लिहिला गेला, एवढेच त्यात पाहायचे आहे.

आपला,
एक नळजोडधारक