दाजी, मेनूकार्ड खाली ठेवा

आदरणीय दाजी,
सादर दंडवत.

शिरपूर जैनला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं दर्शन घेऊन परतताना धाब्यावर आपण गाजवलेला पराक्रम नोंदवून ठेवावा, म्हणून हे पत्र.

मेनूकार्ड आलं आणि आपण ते कुणाला दिसूसुद्धा दिलं नाही. ‘सुरुवातीला व्हेज मंचुरियन, मग सगळ्यांना पनीर बटर मसाला आणि नान!’ टेबलावर मधुमेहाचे आबा, चार वर्षांची छकुली आणि अंड्याच्या भांड्यालाही हात न लावणाऱ्या काकू. एका दमात तिघांनाही उपाशी ठेवणं सोपं नाही, बाप्पा!

पनीरची ग्रेव्ही बहुधा आधीच शिजवून ठेवलेली असते. कांदा, टोमॅटो, काजू, तिखट आणि आंबटपणा मारायला साखर. आपण मागवल्यावर त्यात पनीर तेवढं पडतं. त्यामुळे ‘तिखट कमी टाका’ हे आपलं फर्मान वेटरनं हसून ऐकलं. शिजलेलं तिखट तो काढणार कुठून? छकुलीनं एक घास घेतला आणि पुढचं अख्ख्या धाब्यानं ऐकलं.

डाळीचं तसं नसतं. ती हळद-मीठ घालून शिजलेली असते, फोडणी नंतर बसते. फोडणीआधी वाटीभर काढून द्या म्हटलं, की पोरीचा वरण-भात झाला. उरलेल्या डाळीबरोबर आबांना काकडी आणि ज्वारीची भाकरी, तीही एकच, कारण भाकरीनंही साखर वाढतेच. काकूंसाठी कढई आणि झारा वेगळा आहे का, एवढं विचारायचं. आपलं ‘व्हेज’ मंचुरियन चिकनच्याच तेलात तळलेलं निघालं, आणि काही ठिकाणी नानच्या कणकेत अंडं असतं, हे काकूंना ठाऊक होतं. त्यांनी मुकाट्यानं दही-भात मागवला.

पण आपला खरा मानाचा तुरा वेगळाच. बसल्या बसल्या आपण आबांना ग्लिमेपिराईडची गोळी घ्यायला लावलीत. ही गोळी ताट समोर आल्यावर घ्यायची असते. अन्न लांबलं तर साखर घसरते. जेवण यायला पाऊण तास लागला. आबांना घाम फुटला, हात थरथरू लागले. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं आणि मग जेवू घालायचं. आम्ही ग्लास पुढे केला, तर आपण ओरडलात, ‘अरे, शुगरवाल्याला साखर?’ आणि जेवणानंतर त्याच आबांच्या ताटात गुलाबजाम ठेवून म्हणालात, ‘एका दिवसानं काय होतं?’

पुढच्या खेपेला एवढंच करा. मेनूकार्ड काकूंकडे द्या, छकुलीचं ताट आधी सांगा, आबांची गोळी त्यांच्याच खिशात राहू द्या. आपल्या उत्साहाला वाव हवाच असेल, तर बिल आहे.

आपला नम्र,
मेहुणा