मध्यवर्ती कल्पना लिहिण्याचा शास्त्रशुद्ध विधी: सुरतेतल्या मराठी परीक्षार्थींसाठी
‘कवितेची मध्यवर्ती कल्पना सोदाहरण लिहा’ असा प्रश्न दिसताच परीक्षार्थीने पुढचे वाक्य लिहून मोकळे व्हावे: ‘प्रस्तुत कवितेत कवीने अत्यंत सुंदर शब्दांत मानवी जीवनातील एका महत्त्वाच्या विषयावर प्रकाश टाकला आहे.’ हे वाक्य पावसाच्या कवितेला चालते, देशभक्तीच्या कवितेला चालते आणि अभंगाला तर विशेष शोभते. कविता वाचलेली असण्याची अट नाही. लिंबायत असो, उधना असो की पांडेसरा, ट्यूशनच्या बाकांवरून ते मोठ्या भावाकडून धाकट्याकडे स्वेटरसारखे उतरत आले आहे. त्यात एकच उणीव आहे. परीक्षकाने ते त्या दिवशी इतक्यांदा वाचलेले असते की त्याची नजर त्यावरून घसरून थेट दुसऱ्या ओळीवर जाते, आणि दुसरी ओळ बहुधा ‘या कवितेतून आपल्याला खूप काही शिकायला मिळते’ अशी असते.

म्हणून ज्यांना या दोन वाक्यांपलीकडे जाण्याची दुर्बुद्धी झाली असेल, त्यांच्यासाठीच पुढील विधी दिला आहे.

आधी मुहूर्त. गुजरात बोर्डाचा दहावीचा पेपर 80 गुणांचा आणि 3 तासांचा. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे, आणि प्रश्न चार गुणांचा असेल तर नऊ मिनिटे. त्यातली पहिली तीन मिनिटे पेन खाली ठेवावे. हे सर्वांत अवघड आसन आहे. शेजारचा परीक्षार्थी तोवर अर्धे पान भरतो, पुरवणी मागतो, आणि आपण नापास होणार असा कौल पोटातून येतो. तरी ठेवावे.

आता प्रात्यक्षिकासाठी कविता लागेल. खालची कविता या मार्गदर्शनासाठीच जुळवलेली आहे. ती गाईडात शोधू नये, सापडणार नाही. शीर्षक ‘धागा’.

साड्यांचा गठ्ठा येतो सकाळी,
आई बसते दाराशी.
सुटे धागे कापत जाते,
कात्री बोलते बोटांशी.

साडी जाते रिंगरोडवर,
नेसेल कोणी लग्नात.
कापलेले धागे उरतात
आमच्या भाकरीच्या ताटात.

मराठीच्या वहीत काल
लाल धागा सापडला.
फेकला नाही, त्याच पानात
खूण म्हणून ठेवला.

लिंबायतच्या परीक्षार्थीला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. धागा कटिंगचे काम घरात किंवा शेजारी चालतेच, आणि रिंगरोड म्हणजे कापड मार्केट हे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असते. आणि इथेच घात होतो. ज्याला सगळे ठाऊक असते तो कविता सोडून घरचेच लिहू लागतो. आई रात्री किती वाजेपर्यंत बसते, ठेकेदार पैसे कसे अडकवतो, चष्म्याचा नंबर किती वाढला. हे सगळे खरे आहे, पण कवितेत नाही. कवितेत रात्र नाही, ठेकेदार नाही, आईच्या डोळ्यांत पाणी तर अजिबात नाही. ते दरवर्षी परीक्षार्थी स्वखर्चाने आणतात. बोलणारा मुलगा आहे की मुलगी हेही कुठे सांगितलेले नाही. ‘मुलगा म्हणतो’ असे लिहिले की तो पुरावा नसलेला मुलगा झाला. बोलणाऱ्याला ‘कवी’ म्हणणेही टाळावे. कवी कदाचित वराछाला बंगल्यात राहत असेल. ‘कवितेतला मी’ किंवा ‘निवेदक’ म्हटले की कोणाच्या घरात डोकवावे लागत नाही.

पहिला मुख्य संस्कार म्हणजे विषय आणि मध्यवर्ती कल्पना यांची फारकत. ‘आई’ हा विषय. ‘कष्ट’ हाही विषय. ‘आईचे कष्ट’ म्हटले तरी विषयच, फक्त दोन शब्दांचा. मध्यवर्ती कल्पना म्हणजे त्या विषयाबद्दल कविता काय म्हणते ते, आणि म्हणायचे तर क्रियापद लागते. ज्या उत्तराच्या पहिल्या वाक्यात कविता काहीतरी ठामपणे म्हणत नाही, त्यात मध्यवर्ती कल्पना नाही असे खुशाल समजावे. तपासणी सोपी आहे: वाक्यातले कवितेचे नाव झाका आणि पुस्तकातल्या दुसऱ्या कवितेचे नाव लिहून पाहा. तरीही वाक्य चालत असेल तर ते खोडावे. ‘कवीने आईच्या कष्टांचे महत्त्व सांगितले आहे’ हे वाक्य या परीक्षेत पहिल्या फटक्यात पडते.

मग ‘धागा’ म्हणते तरी काय? इथे कडव्यांची बेरीज करू नये. पहिल्या कडव्यात हे, दुसऱ्यात ते, तिसऱ्यात अमुक असे लिहिले की तो भावार्थ झाला. भावार्थाला सात ओळी आणि सात मिनिटे जातात आणि कल्पना फुटपाथवर उभीच राहते. कविता कुठे वळते ते शोधावे. वळणाची खूण बहुधा ‘पण’, ‘तरी’, काळातला बदल किंवा नकार अशी असते. या कवितेत पहिली दोन कडवी रोजची आहेत: येतो, बसते, जाते, उरतात. तिसऱ्या कडव्यात एकदम ‘काल’ येतो, म्हणजे रोजच्या रहाटीतून एक दिवस वेगळा निघतो; आणि पाठोपाठ ‘फेकला नाही’ हा कवितेतला एकमेव नकार. आतापर्यंत कचरा असलेली वस्तू कोणीतरी जपून ठेवते. कल्पना वळणाआधी काय होते आणि वळणानंतर काय झाले, या दोन्हींना धरणारी हवी. फक्त पहिल्या दोन कडव्यांवर लिहिले तर अन्यायाची तक्रार हाती लागते; फक्त तिसऱ्यावर लिहिले तर ‘शिक्षणाने गरिबी दूर होते’ असा फलक. कविता यांपैकी काहीच म्हणत नाही. वही आली म्हणून गरिबी दूर झाल्याचे तिच्यात कुठे लिहिले आहे?

दुसरा संस्कार अवतरणाचा, आणि या क्षेत्रात सुरतेचे परीक्षार्थी उदार आहेत. एक पूर्ण कडवे उतरवायचे, खाली दोन रेघा मारायच्या, आणि ‘या ओळींतून हे स्पष्ट होते’ असे म्हणून पुढे जायचे. काय स्पष्ट होते ते परीक्षकाने समजून घ्यावे; तो मोठा माणूस आहे. या पद्धतीने पान भरते हे मान्य. पण अवतरण कामावर लावलेले नसेल तर ते हजेरीपटावरच्या नावासारखे नुसते असते. ते कामाला आहे का, हे ओळखण्यासाठी अवतरण पुसून उत्तर पुन्हा वाचावे. उत्तराचे काहीच बिघडले नाही तर अवतरण शोभेचे होते.

कामाचे अवतरण लहान असते: दोन-तीन शब्द, स्वतःच्या वाक्यात बसवलेले. आणि त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवावे लागते. ‘नेसेल कोणी लग्नात’ हे उतरवून थांबू नये, ‘कोणी’वर थांबावे. ती साडी कोण नेसणार हे या घराला कळणार नाही, आणि आई तर नाहीच, हे त्या एका शब्दात आहे. ‘ताटात’ हा शब्दही असाच. धागे अंगणात किंवा केराच्या टोपलीत नाहीत, भाकरीपाशी आहेत. अशी दोन अवतरणे वळणाआधीची आणि एक-दोन वळणानंतरची. त्याहून जास्त घेतली की स्पष्टीकरणाला जागा उरत नाही.

तयार उत्तर साधारण असे:

‘धागा’ ही कविता सांगते की कष्टातून घडलेली सुंदर वस्तू दुसऱ्याकडे जाते आणि कष्ट करणाऱ्याच्या घरी फक्त उरलेसुरले राहते. पण त्या उरल्यासुरल्यालाच घरातले लेकरू किंमत देते. साडी ‘नेसेल कोणी लग्नात’, यातला ‘कोणी’ हा शब्द ती साडी या घरासाठी नाही हे दाखवतो. धागे मात्र ‘भाकरीच्या ताटात’ उरतात, म्हणजे काम जेवतानाही घराची पाठ सोडत नाही. शेवटच्या कडव्यात वहीत सापडलेला धागा निवेदकाने ‘फेकला नाही’. रोज कापून टाकलेला धागा इथे ‘खूण’ होतो. अभ्यास कुठवर आला हे दाखवणारी ही खूण आईच्या कामातून आली आहे, हे निवेदक न बोलता मान्य करतो.

यात ‘अत्यंत सुंदर’ नाही, ‘हृदयस्पर्शी’ नाही, आणि आईला देवाची उपमा दिलेली नाही. घरच्यांना हे उत्तर कोरडे वाटेल.

एक अडचण उरते. इथे कविता समोर आहे. पण पाठ्यपुस्तकातल्या कवितेवरचा प्रश्न आला तर ती समोर असेलच असे नाही. अशा वेळी काही धाडसी परीक्षार्थी ‘कवी म्हणतात’ असे लिहून दोन ओळी जागच्या जागी रचतात, यमकासकट. कवीपेक्षा बऱ्या जमल्या तरी ती लबाडी आहे आणि कविता पाठ असलेल्या परीक्षकाला ती लगेच दिसते. संपूर्ण कविता पाठ करण्याचा नवस करू नये. प्रत्येक कवितेचे वळण आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे मिळून चार-पाच शब्दसमूह अचूक पाठ ठेवावेत. शब्द नक्की आठवत नसतील तर अवतरणचिन्हे काढून तोच मजकूर आपल्या शब्दांत लिहावा. पुरावा थोडा पातळ होतो, खोटा होत नाही.

अचूक म्हणजे अक्षरशः अचूक, आणि इथे खानदेशातून तापीच्या कडेकडेने सुरतेला आलेल्या घरांतल्या मुलांची वेगळीच फजिती होते. बहिणाबाई चौधरींची कविता अभ्यासाला असली तर तिची बोली वर्गात सगळ्यांत आधी यांच्या कानाला ओळखीची वाटते. पण आयुष्यभर ‘असं नाही, शुद्ध बोल’ ऐकल्यामुळे अवतरण लिहिताना ही मुले बहिणाबाईंनाही शुद्ध करून टाकतात. क्रियापदे प्रमाण होतात, ‘न’चा ‘ण’ होतो, आणि यमक मोडते. बहिणाबाई अक्षर शिकल्या नव्हत्या. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या आणि 1952 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आल्या. टिपणाऱ्यांनी बोली ठेवली तर उतरवणाऱ्यांनीही ठेवावी. अवतरणचिन्हांच्या आत कवीची भाषा, बाहेर आपली. आत लाल शाई चालवण्याचा अधिकार परीक्षार्थीला नाही. त्याच घरात लग्नाच्या वेळी आजी ओव्या म्हणते तेव्हा तिला कोणी शुद्धलेखन सांगत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

नववे मिनिट शिरोरेषांसाठी राखून ठेवावे. दुकानाच्या पाट्यांपासून बसच्या फलकापर्यंत दिवसभर बिनरेघेची गुजराती डोळ्यांसमोर असल्याने घाईत रेघ सुटते, आणि मग शब्द कुठे संपला हे परीक्षकाला अंदाजाने ठरवावे लागते. रेघ ओढताना अवतरणचिन्हे बंद केलीत ना, तेही पाहून घ्यावे. उघडी राहिली तर पुढचे सगळे उत्तर कवीच्या नावावर जमा होते.