विषय : संभाषणाची नक्कल मिळणेबाबत

आमच्या सेनगावात चांगला अर्ज लिहिता येणं ही जोखीमच आहे. ‘उपरोक्त विषयान्वये’ तुम्हाला नीट लिहिता येतं हे एकदा लोकांना कळलं, की फेरफारापासून विहिरीच्या अनुदानापर्यंत सगळ्या तक्रारी तुमच्याच ओट्यावर येऊन बसतात. त्यामुळे निरोपाच्या अ‍ॅपवर दाजींचं खातं बंद झालं, तेव्हा ते थेट माझ्याकडे आले.

दाजींचं कृषी सेवा केंद्र आहे. सोयाबीनचं नवं बियाणं आल्याचा एकच मजकूर त्यांनी एका बैठकीत साऱ्या गिऱ्हाइकांना पाठवला. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये दाजींचा नंबर साठवलेला नव्हता. अनोळखी नंबरवरून घाऊक निरोप गेले आणि त्यांवर काहींनी तक्रार नोंदवली, की यंत्रणा त्या खात्याकडे संशयाने पाहू लागते. दुसऱ्या दिवशी दाजींच्या फोनवर ‘हे खाते वापरता येणार नाही’ अशी पाटी झळकली.

“खात्याचं जाऊ द्या पाव्हणं,” दाजी म्हणाले, “उधारीच्या चिठ्ठ्या त्याच्यात हायेत. नक्कल मागा. काय फी असंल ती भरू.”

मी तहसीलच्या वळणाने लिहायला घेतलं : ‘महोदय, अर्जदाराच्या मागील सर्व संभाषणांची साक्षांकित प्रत मिळावी.’ पण तहसीलमध्ये अस्सल दप्तर कार्यालयात असतं, म्हणून तिथे नक्कल मागता येते. इथे कार्यालयाकडे दप्तरच नाही. अशा अ‍ॅपमध्ये निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. तो पोचला, की कंपनी आपल्या यंत्रावर त्याची प्रत ठेवत नाही. काही अ‍ॅप सारं संभाषण स्वतःकडे साठवतात आणि त्याची प्रतही देतात, पण ती घ्यायला खात्यात शिरावं लागतं. दाजींची अडचण नेमकी तीच.

मग कायद्याकडे वळलो. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कलम ११ नुसार आपला कोणता डेटा वापरला जातो याचा सारांश मागता येतो. सारांश, नक्कल नव्हे. आपला डेटा उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या मसुद्यात होता, तो कायद्यात उरला नाही. शिवाय या हक्कांची अंमलबजावणी नियम आल्यापासून दीड वर्षाने. उधारीला एवढा दम नसतो.

आजच्या घडीला उपयोगी पडतात ते २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम. त्यांनुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने २४ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते. त्याचा निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांत सरकारी अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

म्हणून अर्ज पुन्हा लिहिला. त्यात नंबर +९१ सकट दिला, पाटीचा स्क्रीनशॉट जोडला, धंदा कोणता आणि निरोप कोणाला गेले ते सांगितलं. मागण्या दोनच : खातं बंद करण्याचा फेरविचार व्हावा आणि खात्याच्या माहितीचा अहवाल मिळावा. अहवालात नंबर, उपकरण, गटांची नावं असं मिळतं. गप्पा मिळत नाहीत, हे दाजींना मी हळूच सांगितलं.

खरं काम पुढे होतं. दाजींचा मुलगा अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला निघाला होता. त्याचा हात धरला. अ‍ॅप काढलं, की त्यातलं संभाषण जातं. फोनमध्ये बॅकअपची फाइल उरली, तरी तीही कुलूपबंद असते आणि नंबरची पडताळणी झाल्याशिवाय उघडत नाही. खातं बंद असेतो पडताळणी होत नाही. तेव्हा अ‍ॅप हलवायचं नाही, डेटा पुसायचा नाही, फोन बदलायचा नाही. फेरविचारात खातं उघडलं, तर आधी एकेक संभाषण एक्स्पोर्ट करून घ्यायचं, बियाण्याची जाहिरात मग.

तोवर दुसरी प्रत कुठे सापडेल? समोरच्याच्या फोनमध्ये. म्हणजे उधारीची नक्कल ज्याच्याकडे उधारी त्याच्याकडेच मागायची. असा अर्ज मी जन्मात लिहिला नव्हता, म्हणून दाजी स्वतःच शेतकऱ्यांच्या दारी गेले.

माणसं भली. बहुतेकांनी तिथल्या तिथे संभाषण एक्स्पोर्ट करून मुलाच्या नंबरवर धाडलं. त्यात ‘हळद निघाली की देतो’ हे वाक्य तारीख-वेळेसकट शाबूत होतं. एक्स्पोर्ट करताना फोन विचारतो, फोटोंसह पाठवू की फोटोंविना? सगळ्यांनी, फाइल जड होऊ नये म्हणून, फोटोंविना पाठवलं. आणि किती द्यायचे ते लिहिलेल्या चिठ्ठ्या दाजींनी फोटो काढूनच पाठवल्या होत्या.