माटुंग्याच्या अलीकडे थांबलेला डॉलर

मुलीकडे न्यूजर्सीला जायचं ठरलं ते जून 2024 मध्ये. मी हिशोबी माणूस. मोबाइलवर डॉलरचा भाव पाहिला, 83 रुपये 50 पैसे. हजार डॉलर रोख न्यायचे होते, म्हणून घरूनच चेक लिहून नेला: रुपये त्र्याऐंशी हजार पाचशे फक्त.

त्या 'फक्त'कडे बघून परकीय चलनाच्या काउंटरवरचा मुलगा गालात हसला. "काका, आमचा भाव 85.20 आहे."

मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. त्याने तो इतक्या आदराने पाहिला, की जणू मी माझा जुना शालेय निकाल दाखवत होतो.

"हा भाव कोण देतो?" मी विचारलं.

"कोणीच नाही," तो म्हणाला.

मला तो उद्धटपणा वाटला. चेक फाडला, सौभाग्यवतींनी आपल्या मोबाइलवरून पैसे भरले आणि वर "तुम्ही राहू द्या आता" असंही सुनावलं. पावती हातात आली तेव्हा कळलं, की जीएसटीचे 153 रुपये 36 पैसे वेगळे. भिंतीवर पाटी मात्र ठळक: कमिशन शून्य. आमच्या वडिलांच्या काळातली वरपक्षाची मंडळी अशीच बोलायची. आम्हाला हुंडा नको हो, फक्त लग्न जरा थाटात करून द्या.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या गृहस्थांकडे गेलो. एका बँकेच्या परकीय चलन विभागात त्यांची हयात गेली. त्यांनी मुलाचीच बाजू घेतली.

"अहो, तो खरं बोलला. बँका आपसात व्यवहार करतात तेव्हा एक म्हणते, मी 83.4950 ला डॉलर घेईन. दुसरी म्हणते, मी 83.5050 ला देईन. मोबाइलवाले या दोहोंच्या मधोमध बोट ठेवतात, तो तुमचा साडेत्र्याऐंशी. दादर आणि माटुंग्याच्या मध्ये लोकल थांबते ना, तसा. गाडी आहे, पण फलाट नाही. तिथे ना कोणी चढतो, ना कोणी उतरतो."

"पण तिथे फरक एका पैशाचा, आणि इथे एक रुपया सत्तर पैशांचा?"

"तिथला सौदा साधारण दहा लाख डॉलरचा असतो, तोही खात्यातून खात्यात. कागद हलत नाही. तुम्हाला हव्यात नोटा. त्या कोणीतरी आणायच्या, विमा उतरवायचा, खोट्या निवडायच्या, तिजोरीत ठेवायच्या. तिजोरीतल्या नोटेला व्याज मिळत नाही. शिवाय सकाळी पाटीवर लिहिलेला भाव संध्याकाळपर्यंत पाळायचा असतो. मध्येच डॉलर चढला तर? त्याची भीतीही त्या भावात घातलेली असते."

म्हणूनच एकाच बँकेच्या एकाच तक्त्यावर डॉलरचे इतके भाव असतात. मुलाच्या फीसाठी खात्यातून परदेशी पाठवायचे तर एक भाव, रोख नोटा हव्यात तर त्याहून चढा. आणि थायलंडचा बाट मागितलात तर बऱ्याचदा आधी रुपयाचा डॉलर, मग डॉलरचा बाट, आणि कात्री दोनदा. (आमच्या मेहुण्याने पट्टायाच्या आधी हा अनुभव घेतला. पट्टायाबद्दल तो जास्त बोलत नाही, बाटबद्दल बोलतो.)

"मग मला लुटलं की नाही, हे ओळखायचं कसं?"

"सोपं आहे. गेल्या गेल्या गरज सांगायची नाही. देता कितीला आणि घेता कितीला, दोन्ही भाव विचारायचे."

हे आधी कळायला हवं होतं. तरी पुढच्या दिवशी मी त्याच काउंटरला फोन केला. देतो 85.20, घेतो 81.80. अंतर तीन रुपये चाळीस पैसे. त्याचं अर्धं एक सत्तर, म्हणजे एका बाजूला दोन टक्के. कमिशन शून्य होतंच, ते फक्त भावात राहायला गेलं होतं. विमानतळावर हे अंतर सहसा आणखी रुंद असतं. तिथलं भाडंही कोणीतरी भरायचं असतं, आणि मध्यरात्री पर्याय शोधायला प्रवासी जाणार कुठे?

परतलो तेव्हा 300 डॉलर उरले होते. मोबाइलवर डॉलर साडेत्र्याऐंशीच्या आसपासच होता, काउंटरवर 81.80. हातात आले 24,495 रुपये, जीएसटीचे 45 वजा जाऊन. जाताना 1,853 रुपये आणि येताना 555 रुपये. डॉलर जागचा हलला नव्हता, तो हलवायचे मी 2,408 रुपये मोजले.

खिशात 2 डॉलर 35 सेंटची नाणीही होती. त्यांना मुलाने हातसुद्धा लावला नाही. "नाणी नाही घेत काका." आता ती देवघराशेजारच्या डबीत आहेत. त्यांची किंमत मी काढली: 196 रुपये 22 पैसे. पूर्ण, मोबाइलवरच्या भावाने.