नवशुगरवाल्यांसाठी बोट टोचण्याची मार्गदर्शिका

अभिनंदन! रिपोर्टात टाइप टू निघाली आणि मुलाने हौसेने मशीन आणून दिली. पहिला नियम असा की, पाहुणे आले म्हणून बोट टोचायचं नाही. ‘काय भो, शुगर किती?’ याला वेळ सांगितल्याशिवाय उत्तर नसतं. १६० उपाशीपोटी आली तर जास्त, जेवणानंतर दोन तासांनी आली तर चालण्यासारखी.

उपाशीपोटी म्हणजे आठ तास पाण्याखेरीज काही नाही. टपरीवरचा ‘बिनसाखरेचा’ चहा झाला की ती शुगर दुधाची. बहुतेकांना हा आकडा ८० ते १३० मध्ये हवा असतो. तो वर गेला की घरात रात्रीच्या शेवभाजीवर खटला भरतात, पण आरोपी बऱ्याचदा यकृत असतं. पहाटे संप्रेरकं त्याला साखर सोडायला लावतात आणि टाइप टूमध्ये ते इन्सुलिनचं धड ऐकत नाही. म्हणून ११५ वर झोपलेला माणूस काहीही न खाता १४५ वर उठतो. तेव्हा रात्रीची भाकरी परस्पर बंद करू नका; झोपतानाचा आणि सकाळचा, दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा.

ताटाचा हिशोब हवा असेल तर एकाच जेवणाआधी आणि नंतर मोजा. समजा, रविवारी वरण-बट्टी आहे. बसण्याआधी ११८. आता घड्याळ लावायचं ते पहिल्या घासाला, हात धुतल्यावर नव्हे. आपल्याकडच्या आग्रहात या दोन्हींत पाऊण तास सहज जातो. दोन तासांनी २२१ आली, म्हणजे शंभरावर चढली. पुढच्या रविवारी वरण तेच, वांग्याची भाजी जास्त, बट्ट्या निम्म्या. आता १२० वरून १६८. साधारण १८० च्या आत, म्हणजे जमलं. मात्र बट्टी तुपात बुडवली असेल तर पोट सावकाश रिकामं होतं आणि चढ उशिरा येतो. दोन तासांच्या चांगल्या आकड्यावर खूश होण्याआधी एकदा तीन तासांनीही बघा.

केळी सोलून तसंच बोट टोचलं तर मशीन केळ्याचीही साखर मोजते. हात साबणाने धुऊन कोरडे करा. आणि पट्ट्यांची डबी मे महिन्यात जळगावच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. बहुतेक पट्ट्यांना तीसच्या वरचं तापमान सोसत नाही.

एका तपासणीला मात्र वेळ बघायची नसते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना घाम फुटला, हात थरथरले, तर रात्री दोनलाही टोचा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. घरच्यांनी तुमच्यापासून साखरेचा डबा कुठे लपवलाय, ते आजच विचारून ठेवा.